शेपटी नसलेला मेल

मालूताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या दिशेने एक खुर्ची उडत येत होती. क्लेटनजवळच्या एका हॉस्पिटलचा मानसोपचार वॉर्ड, माझा कामाचा पहिला दिवस आणि जेवणाची वेळ. खुर्ची फेकणारा डॅरेन चांगला आडदांड, गळ्यापर्यंत गोंदवून घेतलेला. मालूताई त्याच्या छातीला लागतील एवढ्या. त्या अर्धं पाऊल बाजूला सरकल्या, खुर्ची मागच्या भिंतीवर आपटून मोडली आणि त्यांनी पाहुण्याला पाट द्यावा तशा आवाजात त्याला इंग्रजीत विचारलं, ती खुर्ची तर गेली, आता उभ्याने जेवणार की माझी देऊ? डॅरेन बराच वेळ फुसफुसत उभा राहिला आणि मग उभ्यानेच जेवला.

अशा वॉर्डातल्या खुर्च्या मुद्दाम जड केलेल्या असतात, कुणाला उचलून फेकता येऊ नयेत म्हणून. ही हलकी खुर्ची ऑफिसातली होती. ती बाहेर कुणी ठेवली यावरून मालूताईंनी नंतर स्टाफरूममध्ये जो धिंगाणा घातला, त्यापुढे डॅरेन काहीच नव्हता. फाइल भिंतीवर आपटली, कप आपटला आणि एका तरण्याबांड डॉक्टरला मालवणीत अशी काही शिवी हासडली की अर्थ न कळताही त्याचे कान लाल झाले. पेशंटशी बोलताना लोण्यासारखी असणारी ही बाई आमच्यावर मात्र कायम उकळलेली असायची.

मालती सावंत हे त्यांचं नाव. वॉर्डात सगळे त्यांना 'मॅल' म्हणत. मी पुण्याहून परदेशी नर्सिंग शिकायला आलेली, युनिव्हर्सिटीजवळ चार मुलींबरोबर राहणारी विद्यार्थिनी. हाताला काम हवं म्हणून त्या वॉर्डात मदतनीस म्हणून लागले होते. मराठी ऐकून मी त्यांना ताई म्हटलं, तर म्हणाल्या, "ताई घरी. इथे माझ्या डाव्या बाजूला उभी रहा आणि तोंड बंद ठेव." मी तरी ताईच म्हणत राहिले. त्यांनीही पुढे हरकत घेतली नाही.

त्यांनी मला पहिला धडा शिकवला तो माझी वेणी ओढून. मी कपाटातून चादरी काढत होते. मागून कुणीतरी वेणी मनगटाला गुंडाळून अशी खेचली की माझं तोंड छताकडे झालं आणि डोळ्यांत पाणी आलं. वळून बघते तर मालूताई. "आता मी होते. उद्या दुसरं कुणी असेल." दुसऱ्या दिवसापासून माझा अंबाडा. गळ्यात ओळखपत्र असेल तर ओढल्यावर सुटणाऱ्या पट्टीचं. वरच्या खिशात पेन नाही. कमरेला धोक्याचं बटण, आणि ते शोधावं लागता कामा नये, हात आपोआप गेला पाहिजे. समोरच्यापासून एक हात आणि वर थोडं अंतर. सरळ समोर छाती काढून उभं राहायचं नाही, जरा तिरकं. दार अडवायचं नाही. "दार तुलाही लागतं आणि त्यालाही. ज्याला बाहेर जायला वाट दिसत नाही तो तुझ्या अंगावरून वाट काढतो."

'शांत व्हा' हे शब्द त्यांच्या वॉर्डात बंद होते. एका नव्या मुलाने ते उच्चारले आणि पेशंटने त्याच्या अंगावर पाण्याचा जग ओतला. मालूताईंनी त्या मुलाला टॉवेल दिला आणि विचारलं, तुझ्या बायकोने तुला शांत हो म्हटल्यावर तू आजवर कधी शांत झालायस का? तो म्हणाला, माझं लग्न व्हायचंय. "मग हे आत्ताच शिकून घे," त्या म्हणाल्या, "उपयोगी पडेल."

त्यांच्या उजव्या हातावर, कोपराखाली, दातांची अर्धगोल खूण होती. चावणारा एक पोरगेलासा विद्यार्थी होता, नसलेले आवाज ऐकू येऊन पिसाळलेला. तीन जणांनी त्याला सोडवला. दुसऱ्या दिवशी मालूताई बँडेज बांधलेल्या हाताने त्याच्यासाठी चहा घेऊन गेल्या, कोमट, कारण गरम चहा वॉर्डात कुणालाच मिळत नाही. मी म्हटलं, तुम्ही त्याला माफ केलंत? तर माझ्यावरच खेकसल्या. "माफ-बिफ काही नाही. राग त्याचा होता, हात माझा मध्ये आला. पुढच्या वेळी लांब बाहीचा शर्ट घालीन." त्यांच्या रागाला असे दोन कप्पे होते. आजारी माणसाला त्यातला एक थेंबही मिळायचा नाही, आणि निरोगी माणसाची मात्र धडगत नसायची.

घरी त्या अशाच. नारळ हातात धरून मागच्या पायरीच्या कडेवर एकाच घावात फोडायच्या. शनिवारी टीव्हीवर फुटी, म्हणजे इथला धसमुसळा फुटबॉल, बघताना कुणी खेळाडू दुसऱ्याच्या अंगावर धडकला की सोफ्यावरून उठून ओरडायच्या. गाडी अशी चालवायच्या की मी सीट दोन्ही हातांनी धरून बसायचे. नवरा लवकर गेलेला, मुलगी पर्थला. फोनवर ती आईला इंग्रजीतून ओरडायची, आई तिला मालवणीतून, आणि दोघींना एकमेकींचं बरोबर कळायचं.

मला मार बसला तो शिक्षण संपवून त्याच वॉर्डात नर्स झाल्यावर, दुसऱ्या वर्षी. एका बाईंना औषध द्यायला गेले होते. चूक कुणाचीच नव्हती. त्यांना मी कुणीतरी वेगळीच दिसले आणि त्यांनी माझं डोकं धरून दरवाजाच्या चौकटीवर आपटलं, एकदा नव्हे. धोक्याचं बटण दाबलं गेलं, सिक्युरिटी आली, मग काय झालं ते मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा मालूताई माझ्या कपाळावर बर्फ धरून होत्या. डॉक्टरने तपासलं, एक्स-रे काढले, टाके घातले. मी ठरवून टाकलं होतं की आता पुरे, परत जायचं, पुण्यात एखाद्या दवाखान्यात काम करायचं. तसं बोललेही.

मालूताईंनी मला दार लावून रडू दिलं. मग त्यांनी घटनेचा अहवाल माझ्याकडूनच लिहून घेतला, प्रत्येक गोष्ट क्रमाने, कोण कुठे उभं होतं इथपासून. त्यानंतर गाडीची किल्ली हातात घेऊन त्या म्हणाल्या, "घरी सोडते. पण आधी एकदा वॉर्डातून चालून येऊ. मी बाजूला आहे. आज नाही आलीस तर उद्या येणार नाहीस, आणि मग आयुष्यभर त्या चौकटीपाशीच उभी राहशील." आम्ही दोघी वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. त्या बाई औषधाने झोपल्या होत्या. मी भिंतीला हात लावत चालत होते आणि मालूताई बाजूने चालत कोलंबीचा भाव काय झालाय ते सांगत होत्या. नंतर त्यांनी मला घरी नेऊन कोलंबीची आमटी खाऊ घातली आणि भांडी घासताना ती अशी आदळली की शेजारणीने खिडकी बंद केली.

त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आता ब्रिस्बेनपासून डार्विनपर्यंत पसरल्या आहेत. त्यांचे मेल यायचे. चहाच्या सुट्टीत मालूताई फोन काढायच्या आणि मेल उघडला की वरचं काही न वाचता अंगठ्याने सरळ तळाला जायच्या. "डिअर मॅल, होप यू आर वेल, ते सगळं राहू दे. शेपटी बघू." शेपटी म्हणजे शेवटचा परिच्छेद. तिथे काहीतरी मागितलेलं असायचंच. रेफरन्स द्याल का, तुमच्याकडे जागा आहे का, माझ्या चुलतभावाला व्हिसाचं जरा विचाराल का. त्या शिव्या घालत रेफरन्स द्यायच्या, आणि उत्तम द्यायच्या. पण एकदा फोन टेबलावर टाकून म्हणाल्या, "कुणी नुसतं आठवण म्हणून लिहिलं तर मी मरेन काय गो?" त्यांना ते किती लागायचं ते मला तेव्हा फार कळलं नव्हतं.

मग माझं लग्न झालं. मंदार आयटीतला, घर घेतलं ट्रुगानिनाला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. मला तिकडच्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत काम मिळालं. मालूताईंशी सुरुवातीला फोन, मग दिवाळीचा मेसेज, मग तोही नाही. भांडण नाही, काही नाही. वर्षं गेली इतकंच.

आणि कोविड आला.

लोकांना वाटतं त्या काळात हॉस्पिटलबाहेर सगळे टाळ्या वाजवत होते. आमच्या दारात लोक थुंकत होते. आत पेशंटबरोबर कुणालाही यायची परवानगी नव्हती, आणि ते सांगायचं काम दारातल्या नर्सचं. माझ्या एका सहकारी मुलीला पार्किंगमध्ये मारलं. दुसरीच्या तोंडावरची शील्ड ओरबाडून काढली. सगळ्यात वाईट म्हणजे मास्कमुळे आमचा आवाज पोचायचा नाही, म्हणून आम्ही मोठ्याने बोलायचो, आणि आधीच घाबरलेल्या माणसाला मोठा आवाज म्हणजे भांडण वाटायचं. चेहरा झाकलेला, त्यामुळे आपण हसतोय की रागावलोय हेही त्याला कळायचं नाही. मी माझा एक हसरा फोटो मोठा छापून घेतला, खाली नाव लिहिलं आणि गाऊनवर छातीशी चिकटवला. मग आमच्या शिफ्टला सगळ्याच चिकटवू लागल्या.

जुलैमध्ये एक माणूस आईला घेऊन आला. आईला आत नेलं, त्याला थांबवलं. त्याने सॅनिटायझरचा लोखंडी स्टँड उचलला आणि काउंटरची पारदर्शक काच फोडली. दुसरा फटका माझ्या खांद्यावर बसला. तिसऱ्यासाठी स्टँड वर गेला तेव्हा मी तिरकी उभी होते, हात उघडे, दोघांच्याही मागे वाट मोकळी. बाकीच्यांना गप्प केलं, एकटीच बोलले, हळू. मी त्याला शांत व्हा म्हटलं नाही. आईचं नाव विचारलं. त्याने नाव सांगितलं आणि स्टँड खाली आला. म्हटलं, आत फोन नेऊन आईशी व्हिडिओवर बोलणं करून देते, तोवर इथे बसता की बाहेर बाकावर? तो काचांतच बसला आणि रडायला लागला. माझा खांदा आठवडाभर उचलता येत नव्हता.

त्या प्रसंगानंतर आमच्या मॅनेजरने सुचवलं की मारहाण कशी टाळायची हे स्टाफला शिकवणारी एक कायमची जागा निघणार आहे, तू अर्ज कर. मला ती जागा हवी होती. दारातल्या मुली रोज मार खात होत्या आणि मला काय करायचं ते माहीत होतं. पण मला मानसोपचार वॉर्डात प्रत्यक्ष काम करताना पाहिलेल्या माणसाचा रेफरन्स लागणार होता. असं माणूस एकच होतं.

मी मेल लिहायला बसले. पहिला खर्डा असा भरला की मलाच लाज वाटली. सुरुवातीला हवामान, महामारी, तुम्ही कशा आहात. मग इतकी वर्षं संपर्क ठेवला नाही याबद्दल तीन परिच्छेद माफी, म्हणजे वाचणाऱ्याने माझीच समजूत काढावी अशी. मग माझी प्रगती, अर्जात लिहावी तशी. आणि शेवटी शेपटी. मंदार खांद्यावरून वाचत म्हणाला, "परफेक्ट आहे. पाठव. एकाच मेलमध्ये दोन्ही कामं. हल्ली वेळ कुणाला आहे?"

"ही शेपटी ताई आधी वाचणार," मी म्हटलं. "मग वरचे आभार खोटे होतात."

"अगं पण खरे आहेत ना?"

"खरे आहेत म्हणूनच."

मी सगळं पुसलं. त्यांचा हॉस्पिटलचा मेलचा पत्ता बदललेला असेल म्हणून एका जुन्या सहकारी मुलीकडून खासगी मागवला. तिने पत्ता दिला, म्हणाली मॅल रजेवर आहे, लिही, तिला बरं वाटेल. विषयाच्या ओळीत लिहिलं, 'अनघा, क्लेटनच्या वॉर्डातली. फक्त आभार.' म्हणजे कोण आणि कशाला हे उघडण्याआधीच कळावं. खालचा मजकूर फोनच्या एका पडद्यावर मावेल एवढाच ठेवला.

'मालूताई, मी अनघा. वेणीवाली, जिला तुम्ही कोलंबीची आमटी खाऊ घातलीत. खूप वर्षांत लिहिलं नाही, त्याला काही कारण नाही, राहून गेलं. आता ट्रुगानिनाला राहते, लग्न झालं, पश्चिमेकडच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आहे. सध्या आमच्या दारात रोज मारामारी असते. मास्कमुळे चेहरा दिसत नाही म्हणून आम्ही छातीवर स्वतःचा फोटो लावतो, त्याने फरक पडतो. गेल्या महिन्यात एका माणसाने स्टँडने मारलं. तिसरा फटका बसला नाही, कारण तुम्ही शिकवलं होतं तशी मी उभी होते. पण आभार त्याचे नाहीत. माझं डोकं फुटलं त्या दिवशी तुम्ही मला वॉर्डातून चालवून आणलंत. ते केलं नसतंत तर मी नर्स राहिले नसते. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. उत्तर लिहायची गरज नाही. तुमची, अनघा.'

'भेटू या' असं लिहिलं होतं, ते काढलं. तेही एक मागणंच होतं. रेफरन्सचं पुढच्या मेलमध्ये बघू, काही दिवस जाऊ देऊ, असं मी स्वतःला सांगितलं आणि पाठवला.

काही दिवस गेले, मग आठवडे. उत्तर नको म्हणणारी मीच दर तासाला मेल तपासत होते. दुसरा मेल लिहायला दोनदा बसले आणि दोनदा उठले. मध्येच हॉस्पिटलने नवीन भरती पुढे ढकलली, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. मग एका सकाळी दोन ओळी आल्या. 'मेल मिळाला. जबडा तारेने बांधलाय, बोलता येत नाही. लॉकडाउन उठला की ये.'

शहरभर फिरायची परवानगी मिळाली त्या पहिल्या रविवारी मी गेले. दार उघडलं ती बाई मला ओळखू आली नाही. गालाचं हाड एका बाजूला बसलेलं, डावा डोळा अर्धवट मिटलेला, केस कापलेले. मी पायरीवरच रडायला लागले. त्या म्हणाल्या, "आत ये, शेजारीण बघते." जबडा नीट उघडत नव्हता, म्हणून शब्द दातांमधून येत होते.

अंगणात, अंतर ठेवून, त्यांनी सांगितलं. कोविड झालेला एक नवा पेशंट, वेगळ्या खोलीत. त्या आत गेल्या तेव्हा नखशिखांत झाकलेल्या, मास्क, चष्मा, शील्ड. त्याला वाटलं, आपल्याला न्यायला कुणी आलं. त्याने पलंगाजवळचं टेबल उचललं. पडल्यावरही तो मारत राहिला, कारण मास्कच्या आतून कुणाचा आवाज येतोय हे त्याला कळत नव्हतं. मालूताई म्हणाल्या, राग त्याच्यावर नाही. त्याला त्यांचा चेहराच दिसला नव्हता.

"तुझा मेल आला तेव्हा रोजचे वीस मेल येत होते," त्या म्हणाल्या. "इन्शुरन्सवाले, चौकशीवाले, हॉस्पिटल. सगळ्यांना काही ना काही हवं. तुझा शेवट बघितला, काही नव्हतं. मग सुरुवातीपासून वाचला. तुमच्या छातीवरच्या फोटोपाशी आले आणि लॅपटॉप बंद केला. परत उघडायला किती दिवस लागले ते विचारू नकोस."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मी आभार मानायला लिहिलेलं, आणि त्यातलं एक साधं वाक्य त्यांच्या मोडलेल्या हाडावर जाऊन बसलं होतं. मी काहीतरी पुटपुटले, की मला माहीत नव्हतं. त्यांनी हात उडवला.

"मला सुचलं नाही, तुला सुचलं. एवढंच. शिकवल्याचा काही उपयोग झाला म्हणायचा."

मग त्यांनी चहा केला. कप ठेवताना त्यांनी तो आदळला नाही. रेफरन्सचा विषय काढायचा नाही हे मी गाडीतच ठरवलं होतं, आता तर शक्यच नव्हतं. मी मंदारचं, घराचं, ट्रुगानिनातल्या वाऱ्याचं बोलत राहिले. मध्येच शेजारणीने बाटल्यांचा खोका कचऱ्याच्या डब्यात रिकामा केला. काच फुटल्याचा आवाज झाला आणि मालूताई खुर्चीतून उठून भिंतीला टेकल्या, दोन्ही हात तोंडावर. मी जागची हलले नाही. हळू आवाजात म्हटलं, शेजारच्या बाटल्या आहेत, डबा भरतायत, मी अनघा. बऱ्याच वेळाने त्यांनी हात खाली घेतले. डोळे पुसले, आणि त्या बाईला मालवणीत एक सणसणीत शिवी दिली, पण अगदी हलक्या आवाजात.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. मी गाडीत बसल्यावर काचेवर टकटक केलं.

"काय हवं होतं तुला?"

"काही नाही, ताई."

"इतक्या वर्षांनी माणूस उगाच लिहीत नाही गो. आधी आभार मानलेस, वेगळे मानलेस, ते मला पोचले. आता सांग."

मी सांगितलं. कसली जागा, कधी निघेल, कुणाचा रेफरन्स. त्या ऐकत रस्त्याकडे बघत होत्या, गाडी आली की खांदे वर जात होते.

"माझं नाव दे," त्या म्हणाल्या. "पण त्यांना म्हणावं, फोन करायच्या आधी मेसेज करा. अचानक वाजला तर मी उचलत नाही."

आरशात मला त्या फाटकाची कडी दोन्ही हातांनी धरून उभ्या दिसल्या. मी वळेपर्यंत आत गेल्या नव्हत्या.